झाकणाला बोल्ट किती आणि केवढे?

नागपुरात सीताबर्डीहून धंतोलीकडे किंवा रामदासपेठेकडे वळले की दवाखान्यांची दाटी सुरू होते. तिथे शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह असतो. उभ्या बनावटीचा ऑटोक्लेव्ह म्हणजे एक जाड पिंप, त्यावर वजनदार झाकण आणि झाकणाच्या कडेने हाताने आवळायचे विंग नट. त्याच शहराच्या हिंगणा किंवा बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत तेवढ्याच तोंडाचे दाबपात्र पाहिले, तर झाकणाच्या कडेने सोळा जाडजूड बोल्ट दिसतात आणि ते आवळायला लांब पाना लागतो. तोंड तेवढेच असताना एका झाकणाला हाताचे नट पुरतात आणि दुसऱ्याला सोळा बोल्ट लागतात, असे का? आणि सोळाच का? दहा का नाहीत? त्यापेक्षा चारच जाड बोल्ट लावले तर काय बिघडेल?

‘दाब जास्त, म्हणून बोल्ट जास्त’ हे उत्तर चटकन सुचते. ते अर्धेच खरे आहे. झाकणाच्या बोल्टांवर तिघांचा हक्क असतो: आतल्या दाबाचा, झाकणाखालच्या गॅस्केटचा आणि दोन बोल्टांमधल्या अंतराचा. यांपैकी ज्याची मागणी सर्वांत मोठी, त्याच्या हिशोबाने बोल्ट ठरतात. ती मागणी दाबाचीच असेल असे नाही.

१. दाब झाकणाला किती ढकलतो?

स्वयंपाकघरातल्या कुकरपासून सुरुवात करू. शिट्टी होते तेव्हा आत हवेच्या दाबापेक्षा साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका जास्त दाब असतो. झाकणाचा व्यास २० सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर होते. प्रत्येक चौरस सेंटीमीटरला एक किलो, म्हणजे पूर्ण झाकणाला ३१४ किलोचा रेटा बसतो. ओट्यावरच्या एवढ्याशा भांड्याच्या झाकणावर आतून तीन क्विंटल भार असतो. काही कुकरांत झाकण आतून बसते. तिथे वाफ स्वतःच झाकण तोंडाच्या कडेवर दाबून धरते, बोल्टांची गरज राहत नाही. बॉयलरच्या मॅनहोलचे लंबगोल झाकणही याच युक्तीने आतून बसवतात.

झाकण बाहेरून बसवायचे असेल तर हा सगळा रेटा कोणीतरी धरून ठेवावा लागतो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेचा दाब साधारण १.०५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो. तोंड ३५ सेंटीमीटरचे असेल तर क्षेत्रफळ ९६२ चौरस सेंटीमीटर, आणि रेटा सुमारे १,०१० किलो, म्हणजे एक टन. आठ नटांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला सव्वाशे किलो येतात. तेवढा ताण हाताने आवळलेला नट सहज देतो.

आता आपले प्रत्यक्ष उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा, दाबाखालच्या हवेचे एक पात्र आहे. तोंड ४०० मिलिमीटर, दाब १० किलो प्रति चौरस सेंटीमीटर, वर सपाट गोल झाकण. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायची. दाब नुसत्या तोंडाच्या व्यासावर काम करत नाही. हवा गॅस्केटच्या पट्टीतही काही अंतर शिरते असे धरून, गॅस्केट जिथे खरोखर अडवते त्या वर्तुळापर्यंतचे क्षेत्रफळ मोजतात. आपल्या गॅस्केटचा आतला व्यास ४१० आणि बाहेरचा ४३४ मिलिमीटर आहे. पट्टी १२ मिलिमीटर रुंद आणि तिचे मधले वर्तुळ ४२२ मिलिमीटरचे. ४२.२ सेंटीमीटर व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे १,३९९ चौरस सेंटीमीटर. म्हणजे रेटा १३,९९० किलो, ढोबळ मानाने १४ टन.

२. चौदा टन धरले की काम झाले का?

झाले नाही. बोल्ट नेमके १४ टनांनी आवळले आहेत असे समजा. पात्र रिकामे असताना हे सगळे १४ टन गॅस्केट दाबण्यात खर्ची पडतात. हवा भरली की ती झाकण १४ टनांनी वर ढकलते आणि गॅस्केटवरचा दाब तेवढ्याने उतरतो. आवळण सगळी हवेला तोंड देण्यात जाते आणि गॅस्केटच्या वाट्याला काहीच उरत नाही. झाकण उडत नाही, पण कडेने हवा सुटते. म्हणून बोल्टांनी हवेचा रेटा पेलून वर गॅस्केट दाबून ठेवायला काही शिल्लक ठेवावे लागते.

ही शिल्लक किती, हे गॅस्केटच्या जातीवर अवलंबून असते. त्यासाठी एक गुणक वापरतात, त्याला एम म्हणतात. त्याचा अर्थ सोपा आहे: आतला दाब जितका, त्याच्या किती पट दाब गॅस्केटवर कायम राहिला पाहिजे. कडक जातीच्या भरीव रबराला एम १ धरतात. आत जेवढा दाब तेवढाच गॅस्केटवर राहिला तरी रबर गळू देत नाही. दाबून बनवलेल्या ३ मिलिमीटर जाडीच्या जॉइंटिंग शीटला २, आणि त्याच शीटच्या दीड मिलिमीटर जाडीला २.७५ धरतात. पातळ शीटला पृष्ठभागाच्या खाचाखोचांत शिरायला कमी जागा असते, म्हणून तिला जास्त दाबून ठेवावे लागते.

३. आधी गॅस्केट बसली पाहिजे

दुसरी मागणी पात्रात दाब येण्याआधीची आहे. फ्लँजचा तोंडभाग लेथवर कितीही गुळगुळीत केला तरी त्यावर हत्याराच्या बारीक रेघा राहतात. गॅस्केट त्या रेघांत घुसून त्या भरून काढते, तेव्हाच गळतीचे मार्ग बंद होतात. हे घुसणे एकदाच व्हायचे असते, आणि त्यासाठी एक किमान दाब लागतो. त्याला वाय म्हणतात. भरीव रबराला तो साधारण १४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, ३ मिलिमीटर शीटला ११२, आणि दीड मिलिमीटर शीटला २६०. या दाबाचा आतल्या हवेशी काही संबंध नाही. पात्रात हवा एक किलोने भरा की दहा किलोने, गॅस्केट बसवायला तेवढेच बळ लागते.

या हिशोबात गॅस्केटची पूर्ण रुंदी धरत नाहीत. बोल्ट बाहेरच्या बाजूला असल्यामुळे आवळताना झाकण किंचित वाकते आणि पट्टीचा बाहेरचा भाग जास्त दाबला जातो. म्हणून अरुंद गॅस्केटची निम्मीच रुंदी कामाची मानतात. आपली पट्टी १२ मिलिमीटर, म्हणजे कामाची रुंदी ६ मिलिमीटर.

एम आणि वायचे हे आकडे अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या, म्हणजे एएसएमईच्या, दाबपात्र संहितेतल्या तक्त्यात मिळतात. ते भौतिकशास्त्राच्या नियमातून काढलेले नाहीत. चाचण्या आणि कारखान्यांतला अनुभव यांवरून ठरवलेले सुचवणीचे आकडे आहेत. वर दिलेले शीटचे आकडे ॲस्बेस्टॉसच्या जुन्या शीटचे आहेत. ॲस्बेस्टॉसविरहित शीट घेतली, तर तिच्या उत्पादकाने दिलेले एम आणि वाय वापरायचे.

४. दोन बेरजा, मोठी ती खरी

आता हिशोब मांडू. दीड मिलिमीटरची शीट आहे.

काम चालू असतानाची मागणी: हवेचा रेटा १३,९९० किलो. त्यात गॅस्केटवर ठेवायची शिल्लक मिळवायची. संहितेच्या सूत्रात ही शिल्लक काढताना कामाची रुंदी दुप्पट करून घेतात. २ × ०.६ सेंटीमीटर × ४२.२ सेंटीमीटर व्यासाचा परीघ × २.७५ × १० हा गुणाकार केला की ४,३७५ किलो येतात. एकूण १८,३६५ किलो.

गॅस्केट बसवतानाची मागणी: ०.६ सेंटीमीटर × ४२.२ सेंटीमीटर व्यासाचा परीघ × २६०. उत्तर २०,६८० किलो.

दोन्ही वेळा वेगवेगळ्या आहेत, म्हणून या बेरजा एकमेकींत मिळवायच्या नाहीत. दोन्हींतली मोठी घ्यायची. इथे गॅस्केट बसवण्याची मागणी मोठी निघाली. हवेच्या १४ टन रेट्यापेक्षा ती जवळजवळ निम्म्याने जास्त आहे. या झाकणाचे बोल्ट हवेने नव्हे, दीड मिलिमीटरच्या एका शीटने ठरवले.

गॅस्केट बदलून हाच हिशोब पाहा:

रबर: काम चालू असताना १५,५८० किलो, बसवताना १,११५ किलो. दाबाची मागणी मोठी.

३ मिलिमीटर शीट: काम चालू असताना १७,१७० किलो, बसवताना ८,९१० किलो. इथेही दाबाची मागणी मोठी.

दीड मिलिमीटर शीट: काम चालू असताना १८,३६५ किलो, बसवताना २०,६८० किलो. गॅस्केटची मागणी मोठी.

पात्र तेच, दाब तोच. गॅस्केट बदलली आणि बोल्टांवरचा भार साडेपंधरा टनांवरून पावणेएकवीस टनांवर गेला. ऑटोक्लेव्हला हाताचे नट का पुरतात, तेही आता लक्षात येईल. तिथला दाब कमी असतोच. शिवाय त्याच्या झाकणात मऊ रिंग असते आणि ती बसवायला फारसे बळ लागत नाही.

५. भारापासून व्यासापर्यंत

२०,६८० किलो पेलायला पोलाद किती लागेल? बोल्ट कोणत्या पोलादाचा आहे, त्यावर हे ठरते. दाबपात्रांवर बी७ जातीचे मिश्रपोलादाचे स्टड सर्रास वापरतात. त्यांना संहिता दर चौरस मिलिमीटरला साधारण १७.५ किलो ताण देऊ देते. हे पोलाद कायमचे लांबू लागते ते सुमारे ७३ किलोला. म्हणजे चौपटीहून जास्त राखीव ताकद आहे. ती उगाच ठेवलेली नाही, हे आवळण्याच्या भागात दिसेल.

२०,६८० ला १७.५ ने भागले की १,१८२ चौरस मिलिमीटर येतात. सगळ्या बोल्टांचे मिळून एवढे क्षेत्रफळ हवे. बोल्टाचा व्यास मोजायचा तो बाहेरून नाही. आट्यांच्या तळाशी जो गाभा उरतो, तोच भार पेलतो. १६ मिलिमीटरच्या बोल्टाचे गाभ्यातले क्षेत्रफळ १४४ चौरस मिलिमीटरच असते. १२ मिलिमीटरच्या बोल्टाचे ७६, २० चे २२५ आणि २४ चे ३२४.

आता नुसता भागाकार. १२ चे बोल्ट घेतले तर १५.६ लागतात, म्हणजे १६. १६ चे ८.२, म्हणजे नऊ. २० चे ५.३, म्हणजे सहा. २४ चे ३.६, म्हणजे चार. बोल्टांची संख्या मात्र चारच्या पटीत ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे प्रत्येक बोल्टासमोर बरोबर दुसरा बोल्ट येतो आणि झाकण समोरासमोरच्या जोड्यांनी सारखे आवळता येते. तेव्हा आपल्यासमोर पर्याय असे: १२ चे १६, १६ चे १२, २० चे ८, किंवा २४ चे ४.

भाराच्या दृष्टीने चारही पर्याय बरोबर आहेत. २४ चे चार बोल्ट तर सोयीचेच वाटतात: चार भोके, चार नट, काम लवकर. पण तिसऱ्या हक्कदाराचा विचार अजून झालेला नाही.

६. दोन बोल्टांच्या मधली जागा

बोल्ट झाकणाला फक्त आपल्या आसपासच दाबतो. दोन बोल्ट फार लांब असतील तर मधल्या भागात झाकण किंचित वर कमानते आणि तिथल्या गॅस्केटवर पुरेसा दाब पडत नाही. सगळ्या बोल्टांची बेरीज पुरेशी असली तरी गळती त्या कमानीखालून होते. झाकण आणि फ्लँज जितके जाड, तितके ते कमी वाकतात आणि बोल्ट तितके लांब ठेवता येतात. गॅस्केट जितकी कडक, तितके बोल्ट जवळ हवेत.

यासाठी फ्लँज बनवणाऱ्यांचा एक जुना नियम आहे. बोल्टाच्या व्यासाची दुप्पट घ्यायची. फ्लँजच्या जाडीची सहापट करून तिला ‘एम अधिक ०.५’ ने भागायचे. या दोन्हींची बेरीज म्हणजे दोन बोल्टांमधले जास्तीत जास्त अंतर. आपली फ्लँज ३६ मिलिमीटर जाड आणि एम २.७५ आहे, म्हणून दुसरा भाग ६६ मिलिमीटर येतो. १६ च्या बोल्टांसाठी ३२ अधिक ६६, म्हणजे ९८ मिलिमीटर.

बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात, त्याचा व्यास गॅस्केटच्या बाहेर भोकाला जागा सोडून ठरवतात. १६ च्या बोल्टासाठी भोक १८ मिलिमीटरचे लागते. ४७० मिलिमीटरचे वर्तुळ घेतले तर भोकाची आतली कड ४५२ वर येते आणि ४३४ च्या गॅस्केटपासून सगळीकडे ९ मिलिमीटर मोकळे राहतात. या वर्तुळाचा परीघ १,४७७ मिलिमीटर. बारा बोल्ट लावले तर दोन बोल्टांमध्ये १२३ मिलिमीटर पडतात, म्हणजे ९८ पेक्षा जास्त. सोळा लावले तर ९२. बसले.

२४ च्या चार बोल्टांत मोठे वर्तुळ लागून साडेतीनशे मिलिमीटरहून जास्त अंतर पडते. त्या बोल्टांना परवानगी जेमतेम ११४ मिलिमीटरची आहे. चार बोल्टांचा पर्याय ताकदीत कमी पडला नाही, अंतरात पडला. २० च्या बोल्टांचेही तेच: भारासाठी आठ पुरतात, पण अंतर राखायला सोळा लावावे लागतात आणि मग पोलाद गरजेच्या तिपटीवर जाते.

अंतराला खालूनही मर्यादा आहे. बोल्ट इतके जवळ नकोत की शेजारच्या नटावर पाना फिरवायला जागाच उरणार नाही. साधारण व्यासाच्या अडीचपट अंतर त्यासाठी लागते. १६ च्या बोल्टाला ४० मिलिमीटर. आपल्याकडे ९२ आहेत.

मग १२ चे बोल्ट का नकोत? त्यांना अंतराची मर्यादा ९० मिलिमीटर येते, तेव्हा संख्या वीसपर्यंत वाढवून अंतर बसवता येते. अडचण हाताची आहे. पाना हातात असलेल्या माणसाला बोल्टात किती ताण उतरला हे दिसत नाही, आणि लहान बोल्ट त्याच जोराने फार जास्त ताणला जातो. एएसएमईच्या संहितेत हाताने आवळताना बोल्टात किती ताण उतरू शकतो, याचा अंदाज देणारे एक सूत्र आहे. त्यानुसार २४ च्या बोल्टात दर चौरस मिलिमीटरला साधारण ३२ किलो, १६ च्या बोल्टात ४० आणि १२ च्या बोल्टात ४६ किलो ताण येतो. बाजारात मिळणारा ४.६ वर्गाचा साधा बोल्ट २४ किलोलाच कायमचा लांबू लागतो. म्हणून असा १२ चा बोल्ट अनुभवी फिटरच्याही हातून ‘आणखी थोडा’ म्हणता म्हणता मान टाकतो. बी७ पोलाद ७३ किलोपर्यंत तग धरते. ती चौपट राखीव ताकद इथे कामी येते.

निवड ठरली: १६ मिलिमीटरचे सोळा बी७ स्टड. त्यांचे गाभ्यातले एकूण क्षेत्रफळ २,३०४ चौरस मिलिमीटर होते. लागत होते १,१८२. हा दुप्पट साठा ताकदीसाठी घ्यावा लागला नाही, अंतरासाठी घ्यावा लागला. त्याचा फायदा जलचाचणीत होतो. पात्र वापरात आणण्याआधी त्यात पाणी भरून दाब नेहमीच्या सुमारे १.३ पट चढवतात. तेव्हा दाब १३ किलो, रेटा १८,१८५ किलो आणि गॅस्केटची शिल्लक ५,६८५ किलो. एकूण २३,८७० किलो. सोळा बोल्टांत वाटले की दर चौरस मिलिमीटरला साडेदहा किलोसुद्धा येत नाहीत.

७. आवळणे हाही हिशोबाचाच भाग

सोळा बोल्ट लावले म्हणजे भार आला असे नाही. तो आवळून आणावा लागतो. प्रत्येक स्टडमध्ये २,५२० किलो ताण आणायचे ठरवले, तर सोळांत मिळून ४० टन होतात. हवा चढल्यावर त्यातले १४ टन तिने घेतले तरी गॅस्केटवर २६ टन राहतात. लागतात साडेचारच्या आसपास. काही दिवसांत गॅस्केट थोडी बसते आणि आवळण उतरते. ही उरलेली शिल्लक त्यासाठी आहे.

आत हवा चढली की बोल्टातला ताण किती वाढतो, हेही गॅस्केटच ठरवते. धातूवर धातू बसला असेल तर हवेच्या रेट्याचा दहावा हिस्सासुद्धा बोल्टाकडे येत नाही. झाकण आणि फ्लँज यांच्यातला आधीचा दाब तेवढा कमी होतो. मऊ जाड पॅकिंग असेल तर मात्र तीनचतुर्थांशापासून सगळ्या रेट्यापर्यंत ताण बोल्टात वाढू शकतो. सगळाच वाढला असे धरले तरी आपल्या प्रत्येक स्टडवर ८७५ किलो वाढून साधारण ३,४०० किलो होतात. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २४ किलो. बी७ला ते जड नाही.

२,५२० किलो ताणासाठी पाना किती जोराने ओढायचा? टॉर्क, ताण आणि व्यास यांचे नाते साधारण असे: ताण गुणिले व्यास गुणिले ०.२. इथे उत्तर ८ किलो-मीटर, म्हणजे सुमारे ८० न्यूटन-मीटर. ४० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर. मात्र हा ०.२ कोरड्या आट्यांचा आकडा आहे. आट्यांना आणि नटाखाली ग्रीस लावले की तो ०.१५ पर्यंत उतरतो. मग तोच टॉर्क बोल्टात एकतृतीयांश जास्त ताण भरतो. आठ स्टड ग्रीस लावून आणि आठ कोरडे आवळले, तर टॉर्क रेंच सगळ्यांना सारखाच आकडा दाखवेल आणि झाकण तरी एका बाजूला जास्त बसेल. म्हणून सगळे सारखेच वंगण लावून, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे. पहिल्या फेरीत ठरलेल्या टॉर्कच्या तीस टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या फेरीत साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत, तिसऱ्या फेरीत पूर्ण. शेवटी क्रमाने गोल फिरून एकेक नट तपासायचा. काही तासांनी, पात्र थंड आणि दाबाशिवाय असताना, पुन्हा एकदा. दाब असताना नट आवळायचा नाही. आधीच लांबलेला एक स्टड तुटला तर त्याचा भार क्षणात शेजारच्यांवर पडतो.

८. चूक कुठे झाली, हे गॅस्केट सांगते

गळती झाली की जोर लावून आणखी आवळायचा मोह होतो. त्याआधी हवा सोडून झाकण उघडावे आणि जुनी गॅस्केट उजेडात धरावी. बोल्टांजवळ ठसा खोल आणि दोन बोल्टांच्या मध्ये फिकट असेल, तर फ्लँज पातळ आहे किंवा बोल्ट लांब लांब आहेत. तिथे जास्त आवळल्याने मधली कमान आणखी वाढते. एका बाजूला ठसा खोल आणि समोरच्या बाजूला फिकट असेल, तर आवळण असमान झाली. सगळीकडे सारखाच पण फिकट ठसा असेल, तर गॅस्केट मुळात बसलीच नव्हती. वायची मागणी अपुरी राहिली. शीट चुरडून कडेला बाहेर आली असेल, तर उलट झाले: तिच्या सोसण्यापलीकडे भार पडला.

स्टडही बोलतात. नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरत नसेल किंवा आट्यांमधले अंतर वाढलेले दिसत असेल, तर तो स्टड एकदा कायमचा लांबला आहे. तो पुन्हा वापरायचा नाही. नवा बसवताना त्याच्या टोकावरची जातीची खूण तपासायची, कारण बी७ आणि साधे पोलाद रंगाने ओळखू येत नाहीत.

९. गॅस्केट बदलली की हिशोब बदलला

शेवटची परीक्षा याच झाकणावर घेऊ. जॉइंटिंग शीटच्या जागी धातूची पट्टी गुंडाळून बनवलेली स्पायरल गॅस्केट बसवायची आहे. ती उष्णता आणि दाब जास्त सोसते, म्हणून हा बदल चांगलाच वाटतो. तिला एम ३ आणि वाय साधारण ७०३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर धरतात. पट्टीची रुंदी तीच ठेवली, तर काम चालू असतानाची मागणी १८,७६० किलो येते, जवळपास पूर्वीइतकीच. बसवण्याची मागणी मात्र ५५,९०० किलो. त्याला ३,१९५ चौरस मिलिमीटर पोलाद लागते आणि आपल्या सोळा स्टडमध्ये आहेत २,३०४. हवेचा दाब एका किलोनेही वाढला नाही, तरी १६ चे स्टड अपुरे पडले. सोळाच भोके ठेवायची तर स्टड २० चे हवेत. त्यांचे क्षेत्रफळ ३,६०० होते. भोके मोठी होणार, वर्तुळ सरकणार, आणि वाढलेला भार पेलायला फ्लँजची जाडी पुन्हा तपासावी लागणार. नाहीतर गॅस्केट अरुंद करून मागणी खाली आणावी लागेल.

अशी पात्रे नियमांखाली येतात, तेव्हा हे बदल कोणाच्या मर्जीवर सोडलेले नसतात. पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय सीताबर्डीपासून काही किलोमीटरवर सेमिनरी हिल्सवर आहे. १९८१ मध्ये आलेल्या आणि २०१६ मध्ये नव्याने केलेल्या स्थिर व फिरत्या दाबपात्रांच्या नियमांखाली, दाबाखालचा वायू साठवणारे १,००० लिटरहून मोठे पात्र तिच्या मुख्य नियंत्रकांच्या अखत्यारीत येते. पात्राची रचना आयएस २८२५ या भारतीय संहितेनुसार किंवा मुख्य नियंत्रकांनी मान्य केलेल्या दुसऱ्या संहितेनुसार असावी लागते. एलपीजीच्या टाकीच्या मॅनहोलवर दिसणारे स्टड मंजूर नकाशातले असतात: त्यांची संख्या, व्यास, पोलादाची जात आणि गॅस्केट, सगळे एकत्र.

म्हणून देखभालीच्या वेळी झाकण उघडले आणि जुनी गॅस्केट बाजारात मिळाली नाही, तर जाडी जुळते म्हणून दुसरी बसवू नये. नव्या गॅस्केटचे एम आणि वाय मागावेत, चौथ्या भागातल्या दोन बेरजा पुन्हा कराव्यात, आणि मोठी बेरीज आहे त्या स्टडच्या क्षेत्रफळात बसते का ते पाहावे. बसत नसेल तर झाकण बंद करण्याआधी नकाशा बदलून मंजूर करून घ्यावा.